शब्द एक खरा, बाकी सारी बतावणी

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळीच जुळे सोलापुरातले आमचे एक स्नेही दारात येऊन उभे राहिले. निवृत्त मुख्याध्यापक, सरळमार्गी माणूस. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. घरात कुणाला काही बोललेही नव्हते. चहा तसाच ठेवून त्यांनी मोबाईलवर आलेले एक ई-मेल पुढे केले.

पत्र इंग्रजीत होते. विषयाच्या जागी एकच शब्द : gadda1998. हा सरांचा पासवर्ड. गड्ड्याची यात्रा आणि एक साल, एवढीच त्याची घडण. खाली धमकी होती. आम्ही तुमच्या संगणकात शिरलो आहोत, नको ती दृश्ये पाहताना तुमच्याच कॅमेऱ्यातून तुमचे चित्रण केले आहे, चोवीस तासांत चौदाशे डॉलर बिटकॉइनमध्ये पाठवा, नाहीतर चित्रफीत सर्व नातेवाइकांना जाईल. पाठविणाऱ्याचा पत्ता म्हणून सरांचाच पत्ता दिसत होता.

"बाकी सगळं खोटं आहे हो," सर म्हणाले, "पण हा शब्द त्याला कळला कसा?"

सारी मेख या प्रश्नातच आहे. पूर्वी दारी येणारा एखादा कुडमुड्या जोशी घरातल्या दोन गोष्टी अचूक सांगे आणि आपण थक्क होत असू. त्या त्याने शेजारच्या घरी काढून घेतलेल्या असत. पण दोन गोष्टी खऱ्या निघाल्या की तिसरी, शनीच्या कोपाची, आपण विनाचौकशी मान्य करीत असू. इथेही तेच झाले होते.

पासवर्ड सरांच्या संगणकातून गेलेला नसतो, तो दुसऱ्याच्या कोठारातून गेलेला असतो. २०१२ साली लिंक्डइन या संकेतस्थळावरून पासवर्ड चोरीस गेले आणि २०१६ मध्ये त्यांतले सुमारे ११ कोटी ७० लाख विक्रीस आले. संकेतस्थळे पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवतात, पण सोपे शब्द लवकर उलगडतात. अशा अनेक चोऱ्यांच्या याद्या आज फिरत आहेत. यादीत पत्ता आणि त्यापुढे पासवर्ड. छापील मजकुरात ते दोन्ही भरायचे आणि एकच पत्र लाखो लोकांना सोडायचे. जुलै २०१८ पासून जगभर अशा पत्रांची लाट आली, आणि २०२० मध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने भारतीयांनाही सावध केले.

आम्ही ते पत्र पुन्हा सावकाश वाचले. चित्रफीत आहे म्हणणाऱ्याने तिचे एकही चित्र जोडले नव्हते. संकेतस्थळाचे नाव नव्हते, दिवस-वेळ नव्हती, एकाही नातेवाइकाचे नाव नव्हते. आणि सरांचा संगणक जुना, टेबलावरचा. त्याला कॅमेराच नाही! पाठविणाऱ्याच्या जागी स्वतःचा पत्ता दिसला, त्याचेही नवल नको. अंतर्देशीय पत्रामागे प्रेषक म्हणून कुणीही कुणाचेही नाव लिहू शकतो, तसेच हे. सरांच्या 'पाठविलेली पत्रे' या कप्प्यात त्या पत्राचा मागमूस नव्हता.

मग घाबरण्यासारखे काहीच नव्हते का? होते, पण वेगळ्याच ठिकाणी. तो पासवर्ड सरांनी वर्षांपूर्वी पुस्तके विकणाऱ्या एका संकेतस्थळासाठी केला होता आणि तोच त्यांच्या ई-मेलला अजूनही चालू होता. बँकेची पत्रे तिथेच येतात. इतर खात्यांचा पासवर्ड विसरला तर नवा करण्याची सोयही त्याच पत्त्यावरून होते. म्हणजे किल्ली खरोखरच परक्याच्या हाती होती. म्हणून आधी ई-मेलचा पासवर्ड बदलला, मोबाईलवर येणाऱ्या आकड्यांची दुसरी कडी घातली, मग तोच शब्द जिथे जिथे होता तिथे प्रत्येक ठिकाणी निराळा केला. वहीत लिहून कपाटात ठेवला तरी चालेल, पण एकच शब्द दहा ठिकाणी नको. आपला पत्ता कोणत्या चोरीत सापडला आहे ते haveibeenpwned.com वर पाहता येते. तिथे ई-मेलचा पत्ताच द्यावा लागतो, पासवर्ड नव्हे.

एक मात्र ध्यानात ठेवावे. पत्राबरोबर आपले खरे छायाचित्र आले, किंवा अनोळखी व्यक्तीशी व्हिडिओ कॉल झाल्यावर धमकी आली, तर ती पोकळ समजू नये. तेव्हाही पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी थांबत नाही. काहीही न पुसता सारे पुरावे जपून १९३० वर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार करावी.

सरांनी त्या पत्राला उत्तर दिले नाही, पैसेही दिले नाहीत. चोवीस तासांची मुदत तर आमच्याकडे येण्यापूर्वीच संपली होती आणि कुणालाही काही गेले नव्हते. दोन रात्री त्यांना जाळले ते त्या पत्राने नव्हे, ते कुणाला दाखवायचे या संकोचाने. पत्र लिहिणाऱ्याचा सारा हिशेबच त्या संकोचावर असतो. आपल्या घरात कुणी अचानक गप्प झाले, मोबाईल पालथा ठेवू लागले, तर रागावण्याआधी "काही पत्र आलंय का?" एवढे विचारून पाहावे.