दोन स्ट्रिप, दोन नावं; पण औषध एकच नाही ना?

२९ डिसेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने निमेसुलाइड या वेदनाशामकाच्या १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ताकदीच्या, लगेच विरघळणाऱ्या तोंडावाटे घ्यायच्या औषधांवर बंदी घातली. कारण यकृताला होणारा धोका. बारा वर्षांखालील मुलांसाठी हे औषध २०११ पासूनच बंद आहे. १०० मिलिग्रॅमची गोळी मात्र आजही मिळते, आणि म्हणूनच घरातल्या दोन स्ट्रिपचा फोटो काढून ‘डॉक्टर, दोन्ही सोबत घेतल्या तर चालतील का?’ असं विचारणाऱ्यांनी ही बातमी नीट समजून घ्यायला हवी.

एक उदाहरण पाहू

समजा, खामगाव तालुक्यातल्या एका गावात साठीच्या आईचे गुडघे दुखतात. एक स्ट्रिप मेडिकलमधून आणलेली, दुसरी मागच्या तापातली उरलेली. कंपनी वेगळी, रंग वेगळा, मोठ्या अक्षरातलं नाव वेगळं. मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचलं, तर पहिलीवर निमेसुलाइड १०० मिलिग्रॅम आणि दुसरीवर निमेसुलाइड १०० मिलिग्रॅम अधिक पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम.

दोन्ही एका वेळी गिळल्या की पोटात २०० मिलिग्रॅम निमेसुलाइड जातं. म्हणजे ज्या ताकदीची गोळी सरकारने बंद केली, तीच आपण घरी तयार केली. बंदी कारखान्यातल्या गोळीवर आहे, आपल्या हातावर नाही. म्हणून या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे: सोबत घेऊ नका.

दुसरी गोळी ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची असती, तरी उत्तर तेच. ही सगळी एकाच गटातली वेदनाशामकं आहेत. दोन घेतल्याने दुखणं दुप्पट थांबत नाही, पण पोटात रक्तस्राव होण्याचा आणि मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढतो.

फोटोत न दिसणारी गोळी

या आईला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि त्यासोबत लघवी वाढवणारं औषध चालू असेल, तर निमेसुलाइडची एक गोळीसुद्धा मूत्रपिंडावर ताण आणू शकते. उन्हात सोयाबीन सोंगताना पाणी कमी प्यायलं गेलं असेल किंवा जुलाब होत असतील, तर जास्तच. ही माहिती स्ट्रिपच्या फोटोत नसते, म्हणून नुसता फोटो पाहून कोणी ‘चालतील’ म्हटलं, तर ते अर्धंच उत्तर आहे.

फोटो पाठवताना चांदीच्या कागदाची पूर्ण मागची बाजू दिसू द्या. कापून दिलेल्या तुकड्यावर बऱ्याचदा औषधाचं नाव किंवा मुदतीची तारीख नसते. तशी गोळी ओळखण्याचा प्रयत्न न करता बाजूला ठेवा. सोबत वय, वजन, रोजच्या सगळ्या गोळ्या, दारूची सवय, यकृत, मूत्रपिंड किंवा अल्सरचा त्रास, आणि आधीची गोळी किती वाजता घेतली हे लिहा. ताप असेल तर तेही सांगा, कारण डेंग्यूची शंका असताना ही वेदनाशामकं टाळायची असतात.

कोणाकडे जायचं?

गोळ्या अजून घेतल्या नसतील, तर दोन्ही स्ट्रिप घेऊन मेडिकलमधल्या नोंदणीकृत फार्मासिस्टला विचारा: ‘यात एकच औषध दोनदा येतंय का?’ एवढं ते लगेच सांगू शकतात. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी किंवा नेहमीचे डॉक्टर गाठा. जाणं जमत नसेल, तर सरकारच्या ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलता येतं.

दोन्ही एकदा चुकून घेतल्या गेल्या आणि काही त्रास नसेल, तर सहसा घाबरण्याचं कारण नाही. त्या दिवशी आणखी वेदनाशामक घेऊ नका आणि डॉक्टरांना कळवा. रोज अशा घेत असाल, तर आजच थांबवा आणि रक्त तपासणीबद्दल विचारा.

काळी शी, रक्ताची उलटी, लघवी खूप कमी होणं, डोळे पिवळे होणं, गडद लघवी, चेहऱ्यावर सूज किंवा दम लागणं, यातलं काहीही दिसलं तर मेसेजच्या उत्तराची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा खामगावचं सरकारी रुग्णालय, बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल तिथे जा. मुलाने गोळ्या गिळल्या किंवा कोणी एकदम बऱ्याच घेतल्या, तर त्रास दिसत नसला तरी लगेच रुग्णालयात न्या. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर चोवीस तास सल्ला देतं. वाटेत त्यांना फोन लावता येईल. जाताना स्ट्रिप सोबत घ्या, रिकामी असली तरी.