शिट्टी कोण वाजवतंय?

काशीमीऱ्यातल्या एखाद्या २० मजली इमारतीत तळमजल्यावर फ्लशची टाकी भरताना शिट्टी ऐकलीत? गच्चीवरची टाकी समजा ६० मीटर उंच. दर १० मीटरला चौरस सेंटिमीटरवर १ किलो दाब वाढतो. मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल, तर खाली ६ किलो! फ्लशच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची पातळ चकती असते. ती झिजली, की फटीतून जोरात धावणाऱ्या पाण्याने थरथरते. हीच ती शिट्टी!

आईबाबांना सांगून भिंतीजवळचा अँगल कॉक अर्धा बंद करा. आवाज थांबला? मग दाबच जास्त. कॉक तसाच राहू द्या. टाकी जरा हळू भरेल, एवढंच. तरीही वाजतेच? मग चकती बदलायला हवी.