‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ आणि पुकेकोहेची सकाळ

गेल्या जानेवारीत माझी भाची लासलगावहून आमच्याकडे पुकेकोहेला आली. ऑकलंड शहराच्या मध्यापासून साधारण पन्नास किलोमीटर दक्षिणेला हे आमचं गाव. लाल माती, ज्वालामुखीची जमीन, आणि नजर जाईल तिथे कांदा-बटाटा. कांद्याच्या गावातून निघून ती कांद्याच्याच गावात पोचली. इथल्या एका विद्यापीठात पर्यावरणशास्त्राच्या मास्टर्सला तिला प्रवेश मिळाला होता, पण प्रबंधासाठी मार्गदर्शक तिचा तिने शोधायचा होता. तो वेळेत मिळाला नाही तर प्रबंधाऐवजी नुसते पेपर घ्यावे लागणार होते. घरच्यांनी कर्ज काढलं होतं ते प्रबंधासाठी, आणि पुढे पीएच.डी.चा रस्ता त्यातूनच जातो म्हणून.

डिसेंबरात, निघण्यापूर्वीच, तिने एका प्राध्यापिकेला ईमेल पाठवला होता. उत्तर आलं नव्हतं. “मावशी, माझं काही चुकलं का गं?” असं विचारत तिने तो मेल मला दाखवला.

मेल तिने एकटीने लिहिलेला नव्हता. तिच्या बाबांनी तपासला होता, कॉलेजच्या सरांनी दोन वाक्यं घातली होती, आणि पुण्यातल्या चुलतभावाने शेवट केला होता. सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम, गुड इव्हिनिंग’. मग ‘मायसेल्फ अमुक, डॉटर ऑफ तमुक’. मग दहावीपासूनचे टक्के, ‘पास्ड आउट विथ डिस्टिंक्शन’, ‘युअर गुड सेल्फ’च्या हाताखाली काम करण्याचं स्वप्न, ‘आय हॅव सम डाउट्स’ आणि शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’. सोबत पाच फाइली. नेमका प्रश्न काय, ते मला तीनदा वाचूनही सापडलं नाही.

यात उद्धटपणा कुठेच नव्हता. उलट आदर इतका होता की त्याच्या ढिगाखाली विचारणं गाडलं गेलं होतं. हे आपल्याकडून का होतं, ते थोडं नीट बघायला हवं.

मराठीत आदर क्रियापदात असतो. ‘तू ये’ आणि ‘तुम्ही या’ यात फरक पडला की काम झालं, वेगळे विशेषण लागत नाही. इंग्रजीत ‘यू’ एकच. मग आपला आदर बिचारा जागा शोधत फिरतो आणि ‘रिस्पेक्टेड’, ‘गुड सेल्फ’, ‘काइंडली’ अशा शब्दांत जाऊन बसतो. इथे न्यूझीलंडमध्ये शिकवणाऱ्याला आदर कळतो तो वेगळ्या खुणांवरून. माझं नाव बरोबर लिहिलंय का, माझा हुद्दा पाहिलाय का, आणि मला दोन मिनिटांत उत्तर देता येईल असं विचारलंय का?

‘सर/मॅडम’ या तिरक्या रेघेने पहिली खूणच पुसून टाकली होती. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की मी बाई आहे की पुरुष हेही या मुलीने पाहिलेलं नाही, आणि हाच मेल आणखी वीस जणांना गेला असणार. खरं तर भाचीने तो एकीलाच पाठवला होता. पण ते कळणार कसं?

दुसरी खूण हुद्द्याची. महाराष्ट्रात कॉलेजात शिकवणारा प्रत्येक जण ‘प्रा.’ असतो. इथे तसं नाही. लेक्चरर, सीनिअर लेक्चरर, असोसिएट प्रोफेसर आणि मग प्रोफेसर अशी शिडी आहे, आणि ‘प्रोफेसर’ म्हणजे सगळ्यात वरची पायरी. विद्यापीठाच्या पानावर प्रत्येकाचा हुद्दा दिलेला असतो. भाचीच्या बाई सीनिअर लेक्चरर होत्या आणि त्यांनी पीएच.डी. केलेली होती, म्हणून ‘डॉक्टर’ आणि आडनाव हे बरोबर. काही शिकवणाऱ्यांकडे पीएच.डी. नसते. तिथे ‘डॉक्टर’ घालू नये, सरळ पूर्ण नाव लिहावं. ‘मिसेस’ किंवा ‘मिस’ तर कधीच नको. बाईंचं लग्न झालंय की नाही याचा प्रबंधाशी संबंध नाही, आणि पुरुष सहकाऱ्याला ‘डॉक्टर’ म्हणून त्यांना ‘मिसेस’ म्हटलेलं त्यांना टोचतं. ‘डॉक्टर’च्या पुढे पहिलं नाव, आपल्या ‘डॉ. सुनीता मॅडम’सारखं, तेही इथे विचित्र वाटतं.

मग अभिवादन काय करायचं? ‘डिअर डॉक्टर’ आणि आडनाव हे कुठेही चालतं. पण इथे विद्यापीठातली बरीचशी पत्रं ‘किया ओरा’ने सुरू होतात. हे माओरी अभिवादन, शब्दशः ‘बरे असा’ अशा अर्थाचं. माओरी ही १९८७ पासून इथली अधिकृत भाषा आहे आणि ‘किया ओरा’ म्हणायला माओरी असावं लागत नाही. आपल्या ‘नमस्कार’सारखं ते थोरांना चालतं आणि बरोबरीच्यांनाही. त्याहून औपचारिक ‘तेना कोए’. इथे मराठी माणसाला एक खड्डा आहे. ‘कोए’ एकाला, दोघांना ‘कोरुआ’, तिघांना किंवा जास्त जणांना ‘कोउतोउ’. भाची म्हणाली, “मग मोठ्या माणसाला कोउतोउच लिहायचं ना, आपण एकाला तुम्ही म्हणतो तसं?” नाही. माओरीत ही फक्त मोजणी आहे, आदरार्थी बहुवचन नाही. एकट्या बाईंना ‘कोउतोउ’ लिहिलं तर त्या मागे वळून पाहतील, आणखी कोण आलंय म्हणून.

‘गुड इव्हिनिंग’चंही असंच. लासलगावला रात्रीचे नऊ वाजलेले असतात तेव्हा इथे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार. वाचणारा सकाळी कॉफी पीत वाचतो. वेळेचं अभिवादन मेलमध्ये नकोच.

आम्ही दोघींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून नवा मेल लिहिला. तो मराठीत सांगते, कारण त्याची बांधणी महत्त्वाची आहे. विषयाच्या ओळीत: ‘नवी मास्टर्स विद्यार्थिनी, जमिनीतल्या नायट्रेटवरच्या प्रबंधाबद्दल एक प्रश्न’. मग मजकूर असा:

‘किया ओरा डॉक्टर (आडनाव). मी पर्यावरणशास्त्राच्या मास्टर्सला पहिल्या सत्रापासून सुरुवात करते आहे. मी महाराष्ट्रातल्या लासलगावची, आमच्या घरी कांद्याची शेती आहे, आणि बी.एस्सी.च्या प्रकल्पात मी खताची मात्रा आणि विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट यावर काम केलं. सध्या मी पुकेकोहेला राहते. इथल्या भूजलातही भाजीपाल्याच्या शेतीमुळे नायट्रेट वाढलेलं आहे, आणि त्यावरचा तुमचा लेख मी वाचला. या वर्षी तुम्ही प्रबंधासाठी नवीन विद्यार्थी घेत आहात का? घेत असाल तर सत्र सुरू होण्यापूर्वी वीस मिनिटं भेटायला मला आवडेल. माझी गुणपत्रिका हवी असल्यास पाठवते. ङा मिही, (नाव)’. खाली विद्यार्थी क्रमांक आणि अभ्यासक्रमाचं नाव.

बस्स, एवढंच. प्रश्न एकच, आणि त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देता येतं. दहावीचे टक्के गेले, विहिरीचं पाणी आलं. तीच तिची खरी ओळख होती आणि पहिल्या मेलमध्ये तिला जागाच मिळाली नव्हती. ‘डाउट’च्या जागी ‘क्वेश्चन’ आला, कारण इथे ‘डाउट’ म्हणजे शंका घेणं, अविश्वास. ‘पास्ड आउट’ काढलं, कारण इथे त्याचा अर्थ चक्कर येऊन पडणं. लेख मात्र आधी खरंच वाचावा लागला. न वाचता लिहिलेलं ते वाक्य भेटीत दोन मिनिटांत उघडं पडतं.

‘ङा मिही’ म्हणजे ‘आभार, शुभेच्छा’ अशा अर्थाचा शेवट. त्यातल्या ‘ङा’च्या रोमन ‘a’वर एक आडवी रेघ असते, ती स्वर दीर्घ असल्याची खूण. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’ यात जेवढा फरक, तेवढाच तिथे. लिहायचं तर रेघेसह लिहावं.

नावाची एक गोष्ट राहिली. आपलं नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. विद्यापीठाच्या यंत्रणेत मधलं नाव मिडल नेम होऊन बसतं आणि कधी कधी आडनाव पुढे येतं. समोरच्याला यातलं हाक मारायचं नाव कुठलं ते कळत नाही. म्हणून सहीत फक्त ते नाव आणि आडनाव लिहिलं. मेल विद्यापीठाच्या खात्यातून पाठवला, कारण खासगी पत्त्यावरून आलेला मेल जंकमध्ये जाऊ शकतो आणि तो विद्यार्थिनीचाच आहे याची खात्रीही पटत नाही.

पाच दिवसांनी उत्तर आलं. तीन ओळी, भेटीची वेळ, आणि खाली सहीत नुसतं पहिलं नाव. डिसेंबरातल्या मेलबद्दल त्यांनी लिहिलं होतं की ख्रिसमसपासून त्या रजेवर होत्या. म्हणजे तेव्हाच्या शांततेचं खरं कारण कदाचित एवढंच होतं. नाताळ ते जानेवारी इथे उन्हाळ्याची सुट्टी असते. त्या काळात उत्तर आलं नाही तर तो नकार समजू नये. सत्र जवळ आलं की एकदाच, दोन ओळींची आठवण पाठवावी.

सहीत पहिलं नाव आलं की ती परवानगी असते. पुढच्या मेलमध्ये ‘किया ओरा’ आणि ते पहिलं नाव लिहायचं. भाचीचा हात तिथे अडला. “पन्नाशीच्या बाईंना नावाने हाक? बाबा काय म्हणतील?” मी म्हटलं, जमत नसेल तर आणखी एकदा ‘डॉक्टर’ लिही, कुणी रागावणार नाही. पण त्यांनी दार उघडल्यावर उंबऱ्यावर उभं राहण्यात आदर नाही, नुसता अवघडलेपणा आहे. तिने पहिलं नाव लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि पाठवलं.

गावाकडे हे वाचणाऱ्या आई-बाबांना, काकांना, कॉलेजच्या सरांना एक विनंती. लेकीचा पहिला मेल जरूर वाचा, पण त्यात वाक्यं घालू नका. समोरच्याचं नाव आणि हुद्दा तपासा. प्रश्न एकच आहे का, आणि तो तुम्हाला एका वाचनात कळतो का, ते पाहा. कळला नाही तर तिला विचारा, “तुला नक्की काय हवंय?” ती तोंडाने जे उत्तर देईल, बहुधा तेच मेलमध्ये लिहायचं असतं.