दांडी कशाची, ते सांगा!

‘सर्जिकल स्टील आहे, काही होत नाही,’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. या नावाचा एकच ठरलेला धातू नाही. या नावाखाली बहुधा ३१६एल स्टील विकतात आणि त्यात १० ते १४ टक्के निकेल असतं. पॉलिश उत्तम असेल तर ते फारसं सुटत नाही, मान्य. पण जत्रेतल्या चमकीच्या नशिबी बहुधा तेवढंही नसतं. पितळेची दांडी, वर निकेलचा थर आणि त्यावर नावापुरता सोन्याचा मुलामा!

माझ्या भाचीच्या नाकात हौसेने अशीच एक घातली. नवं छिद्र म्हणजे उघडी जखम. तिच्यातून पाझरणारी लस खारट, ती धातू खाते. मुलामा गेला आणि निकेल थेट मांसात. थोड्याच दिवसांत कडेने बारीक पुरळ, पाणी आणि सारखी खाज. घरातल्या मंडळींनी ‘पिकलंय’ म्हणून हळद थापली. अरे, पिकलं असतं तर ठणकलं असतं, गरम लागलं असतं, पू आला असता! ही खाज होती, निकेलची ॲलर्जी. ती एकदा जडली की सहसा जन्मभर सोडत नाही. आता जीन्सच्या बटणाखालीही तिला पुरळ उठतं.

‘म्हणून तर सोनंच घालावं,’ असं लगेच ऐकवतात. कुठलं सोनं? २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं, बाकी बहुधा चांदी आणि तांबं. ॲलर्जीची भीती कमी, पण ते मऊ. बारीक दांडी वाकते, तिच्यावर चरे पडतात, चऱ्यांत लस वाळते आणि दांडी हलली की जखम खरवडते. १४ ते १८ कॅरेट कणखर असतं, पण त्यात काय मिसळलंय ते विचारा. पांढऱ्या सोन्यात अनेकदा निकेलच असतं. आणि हॉलमार्कवर विसंबू नका. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला त्याची सक्ती नाही, आणि चमकी त्याहून कितीतरी हलकी! आमच्या जुन्या सोनाराची साधी तार जत्रेतल्या चमकीपेक्षा बरी. तिला निदान मुलामा तरी नसायचा.

जखम भरेपर्यंत माझं मत टायटॅनियमला. इम्प्लांटच्या दर्जाच्या टायटॅनियममध्ये साधारण ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं, निकेल मिसळलेलं नसतं. त्यावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप धरतो आणि चरा पडला तरी पुन्हा धरतो. मात्र नुसत्या ‘टायटॅनियम’ या शब्दाला भुलू नका. दुकानदाराकडे एएसटीएम एफ१३६ हे मानक लिहिलेलं प्रमाणपत्र मागा. फिरकीचे आटे दांडीच्या आत हवेत. बाहेर असले तर घालताना जखम सोलतात. कानाच्या पाळीला सहा-आठ आठवडे, नाकाला चार-सहा महिने द्या, मग खुशाल आजीची मोरणी घाला.

निकेल ओळखायला डायमिथाइलग्लायॉक्सिमची चाचणी मिळते. दोन थेंब कापसावर घेऊन दांडी घासायची. कापूस गुलाबी झाला की निकेल सुटतंय. मुलामा शाबूत असताना ती फसते, म्हणून नव्या चमकीचा कापूस पांढरा राहिला तरी प्रमाणपत्र मागाच.