ओट्यावरून : हळदीला ऊन, मासळीला आंबट

बुधवारी भाच्याने त्याचा ऑफिसचा प्लास्टिकचा डबा माझ्यापुढे ठेवला. आदल्या आठवड्यात त्यातून बांगड्याचं तिखलं नेलं होतं. तळ नारंगी, कडेला तांबूस पट्टे आणि झाकण उघडताच तो वास. तीन रात्री खायच्या सोड्याचा लेप लावून ठेवला होता म्हणे. कुठल्याही डागावर नि वासावर सोडाच, हा सल्ला ऐकून मी आता खरोखर वैतागले आहे.

ते तांबूस पट्टे सोड्यानेच उमटले. हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तसंच हे. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि गरम कालवणाचं तेल प्लास्टिकमध्ये मुरतं. वरून घासून तो कसा निघणार? पण उजेडापुढे हा रंग टिकत नाही. डबा धुऊन, उघडा करून दोन दिवस कडक उन्हात ठेवला की डाग फिका पडतो.

मासळीच्या वासाचं याहून वेगळं आहे. समुद्री मासा शिळा होऊ लागला की जिवाणू त्यात ट्रायमिथाइलअमाइन तयार करतात. ते क्षारधर्मी. सोडाही क्षारधर्मी, तो त्याला बांधणार कसा? आंबट लागलं की मात्र त्याचा क्षार होतो. तो हवेत उडत नाही, पाण्याबरोबर वाहून जातो. तिखल्यात आमसूल किंवा त्रिफळाबरोबर चिंच पडते आणि मासळी साफ केल्यावर आपण हाताला लिंबू चोळतो, ते याचसाठी.

भाच्याच्या डब्याचं आम्ही असं केलं. आधी कोरडं बेसन चोळून तेलकटपणा काढला. मग कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, मऊ स्पंजने. तारेच्या घासणीने चरे पडतात आणि तेल त्यांत घर करतं. झाकणातली रबरी रिंग काढली, तिच्या खाचेत सगळ्यात जास्त वास होता. नंतर एक वाटी पाण्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घालून डबा आणि रिंग त्यात तासभर भिजवली, धुतली आणि उन्हात ठेवली. रात्री झाकण लावून सकाळी हुंगलं, तर मासळीचा वास गेलेला. लसणाचा किंचित राहिला. तो तेलाबरोबर आत मुरतो, त्याला साबणाची आणखी एक फेरी आणि मोकळी हवा लागते.

सोडा उपयोगी पडतो तो ताकाच्या बाटलीला, कारण तिथला वास आंबट असतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र मात्र ओतू नका. फेस येतो आणि दोघंही एकमेकांना निकामी करतात.

चरे पडलेल्या किंवा मायक्रोवेव्हमध्ये तळ खडबडीत झालेल्या डब्याला यातलं काहीच पुरेसं पडत नाही. त्यात कोरडा खाऊ ठेवा. आणि कालवण स्टीलच्याच डब्यातून न्या, हे मी या जागी पुन्हा लिहिते आहे, कारण स्टीलमध्ये तेल मुरत नाही.