रूट सापडलं, पण ते रूट होतं का?

पीएल लागली की आमच्या विंगमध्ये न्यूमेरिकल मेथड्सची एकपानी समरी फिरू लागते. कोणत्या बॅचने लिहिली कोणास ठाऊक. झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झाली आहेत. रूट फाइंडिंग आणि इंटरपोलेशनचे सगळे फॉर्म्युले त्या पानावर आहेत. नाही ती एकच गोष्ट: कोणती पद्धत कुठे फसते आणि फसली हे ओळखायचं कसं. माझं स्पष्ट मत आहे, की पानावर जागा कमी पडली तर एखादा फॉर्म्युला गाळा, पण हा कॉलम गाळू नका. हे मत मला फुकट मिळालेलं नाही, प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मिळालं.

चिठ्ठी निघाली बायसेक्शनची. समीकरण tan x = 0, इंटरव्हल १ ते २. मी मनात म्हटलं, चला, सुटलो! पायऱ्या पाठ होत्या. दोन्ही टोकांना f ची चिन्हं विरुद्ध आहेत का ते बघा, मधला बिंदू काढा, ज्या अर्ध्या भागात चिन्ह बदलतं तो ठेवा, दुसरा टाका. tan 1 धन, tan 2 ऋण. लूपची अट नेहमीचीच:

```
while (fabs(b - a) > 0.000001)
```

प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालला. उत्तर १.५७०७९६. एक्स्टर्नल सरांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "छान. आता हे उत्तर समीकरणात टाकून दाखव बरं." टाकलं. शून्याच्या आसपास काहीतरी यायला हवं होतं. आला दहा लाखांपेक्षा मोठा आकडा. सर म्हणाले, "तू रूट नाही शोधलंस, खड्डा शोधलास."

१ आणि २ च्या मध्ये tan x ला रूटच नाही. ० ला आहे, त्यानंतर थेट ३.१४ ला. मध्ये π/2 पाशी आलेख तुटतो आणि तुटताना चिन्ह बदलतो. बायसेक्शनला फक्त चिन्ह दिसतं. आलेख शून्यातून गेला की वरून खाली उडी मारून गेला, हे तिला कळत नाही. पुस्तकात पहिल्याच ओळीत "फंक्शन कंटिन्युअस असावे" असं लिहिलेलं असतं, पण ती ओळ आपण सगळे गाळून वाचतो.

खरं तर चोर आधीच पकडता आला असता. मधल्या बिंदूंवरच्या किमती पाहा: १.५ ला १४.१, १.७५ ला −५.५, १.६२५ ला −१८.४, १.५६२५ ला १२०.५. इंटरव्हल लहान होतेय आणि f ची किंमत वाढतेय! खऱ्या रूटजवळ ती शून्याकडे जायला हवी. माझ्या लूपने मात्र फक्त इंटरव्हलची लांबी तपासली. म्हणून माझा पहिला नियम: x किती हलला आणि f(x) किती उरला, दोन्ही छापा. एकावर विश्वास ठेवू नका.

एररचं बोलायचं तर बायसेक्शन संथ पण वचनाची पक्की. कंटिन्युअस फंक्शन द्या, प्रत्येक पायरीला एररची कमाल मर्यादा निम्मी होते. लांबी १ असेल तर ०.०००००१ पर्यंत जायला २० पायऱ्या लागतात, आणि हे सुरू करण्याआधीच सांगता येतं.

न्यूटन-रॅफसनची गोष्ट वेगळी. त्या बिंदूपाशी स्पर्शिका काढायची, ती x अक्षाला जिथे छेदते तो पुढचा अंदाज. x³ − 2x − 5 = 0 हे उदाहरण खुद्द न्यूटनचं. २ पासून सुरू करा: f = −१, f′ = १०, म्हणून पुढचा अंदाज २.१. त्यापुढचा २.०९४५६८, मग २.०९४५५१. खरं रूट २.०९४५५१४८. एरर आधी ०.०९, मग ०.००५, मग ०.००००१७. दर पायरीला साधारण आधीच्या एररचा वर्ग होतो, म्हणजे बरोबर आलेले अंक जवळजवळ दुप्पट होतात. म्हणून तर सगळे न्यूटनवर फिदा.

आता त्याच समीकरणात शेवटच्या −5 च्या जागी +2 लिहा: x³ − 2x + 2 = 0. ० पासून सुरू करा. f = २, f′ = −२, पुढचा अंदाज १. तिथे f = १, f′ = १, पुढचा अंदाज परत ०. मग १, मग ०. रात्रभर चालू ठेवा, मेसचा चहा येईपर्यंत हेच! "थोडं सरकवून बघू" म्हणून ०.१ घेतला तर १.०१४ आणि मग ०.०८०, म्हणजे पुन्हा त्याच चक्राकडे ओढ. खरं रूट −१.७६९ ला आहे, आणि −२ पासून सुरुवात केली तर मुकाट्याने सापडतं. दोष फॉर्म्युल्याचा नाही, सुरुवातीच्या अंदाजाचा. उपायही सोपा आहे: आधी बायसेक्शनने दोन-चार पायऱ्यांत रूट कोंडीत पकडा, मग न्यूटन सोडा. आणि लूपला पायऱ्यांची मर्यादा घालाच.

इथवर निदान आकडे स्वतःच चुगली करतात. इंटरपोलेशनमध्ये तेही नाही. तिथे पायऱ्या नाहीत, थांबायची अट नाही. डिफरन्स टेबल भरलं की उत्तर मिळतं. आपला समज असा, की बिंदू जितके जास्त तितकं उत्तर चांगलं. रुंगे यांनी १९०१ मध्ये तो मोडला. 1/(1 + 25x²) हे अगदी साधं, घंटेसारखं फंक्शन, −१ ते १ मध्ये. समान अंतरावरचे बिंदू घेऊन x = ०.९५ ला किंमत काढू. खरी किंमत ०.०४२. ५ बिंदूंनी येते −०.१६. ११ बिंदूंनी १.९२. २१ बिंदूंनी −३९.९५! फंक्शन कधी ऋण होतच नाही आणि आपला बहुपदी उणे चाळीसवर. मध्यभागी सगळं ठीक, टोकांना थैमान. म्हणून टोकांना दाट बसवलेले चेबिशेव्हचे बिंदू घ्यावेत, किंवा छोट्या तुकड्यांचं क्युबिक स्प्लाइन वापरावं. बिंदू निवडणं हातात नसेल, तर टेबलमधला टोकाजवळचा एक बिंदू झाकून ठेवा आणि उरलेल्यांवरून त्याची किंमत काढा. ती जुळली नाही तर मधल्या उत्तरांवरही भरवसा नको.

आमच्या सरांना एक विनंती. जर्नलमध्ये प्रत्येक पद्धतीचं चालणारं आउटपुट आम्ही चिकटवतो, आणि सगळ्यांचं एकच असतं. त्यासोबत एक न चालणारं आउटपुट आणि ते का फसलं याच्या दोन ओळी सक्तीच्या करा. कॉपी करायलाही समजून घ्यावं लागेल. आणि विंगमधल्या मित्रांनो, त्या पुसट झेरॉक्सच्या मागची बाजू अजून कोरी आहे. मी तिथे tan x लिहून ठेवलंय. पुढचं तुम्ही लिहा.