वर्गमूळ काढले, पण वाघ मोजले का?

काही दिवसांपूर्वी एका आंतरशालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. मी भौतिकीचा अध्यापक, तरी मला जीवशास्त्राच्या दालनात उभे केले होते. तेथे नववीच्या दोन मुलांनी ओरिसातील (आजच्या ओडिशातील) सिमिलीपालच्या काळ्या वाघांवर एक सुबक तक्ता मांडला होता. वर वाघांची छायाचित्रे, खाली गणित आणि सर्वांत खाली लाल शाईत ठळक वाक्य : ‘सिमिलीपालमधील ४८ टक्के वाघ काळ्या जनुकाचे वाहक आहेत.’ गणितात एकही चूक नव्हती. तरीही त्या लाल वाक्यातील शेवटचा शब्द मला खटकला. ‘आहेत’ असे म्हणावयाचा अधिकार त्या मुलांना नव्हता, आणि माझ्या मते तो पुष्कळ मोठ्या माणसांनाही नसतो. का, ते सांगतो.

प्रथम हे वाघ पाहू. सिमिलीपालचे जंगल मयूरभंज जिल्ह्यात आहे. तेथील काही वाघांच्या अंगावरचे पट्टे इतके रुंद व एकमेकांत मिसळलेले असतात की वाघ जवळजवळ काळा दिसतो. बेंगलोरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील (एनसीबीएस) विनय सागर, उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली याचे कारण प्रसिद्ध केले. टॅकपेप नावाच्या जनुकात एक बारीकसा बदल झालेला असतो. जनुकाच्या अशा पर्यायी रूपाला अ‍ॅलील किंवा युग्मविकल्पी म्हणतात. हा अ‍ॅलील अप्रभावी आहे. म्हणजे आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही बदललेले आले, तरच वाघ काळा दिसतो. एकच आला, तर वाघ नेहमीसारखा पिवळा दिसतो, पण पुढच्या पिढीला तो अ‍ॅलील देऊ शकतो. हाच वाहक. छायाचित्रात वाहक आणि शुद्ध पिवळा वाघ यांत काहीही फरक दिसत नाही. सारी अडचण येथूनच सुरू होते.

मग मुलांनी वाहक मोजले कसे? केंब्रिजचे गणिती हार्डी आणि जर्मन वैद्य वाइनबर्ग यांनी १९०८ साली स्वतंत्रपणे दाखवून दिलेल्या नियमाने. समजा, साऱ्या वाघांतील त्या जनुकाच्या प्रती एका पिशवीत टाकल्या. त्यांतील साध्या प्रतींचा वाटा क आणि काळ्या प्रतींचा वाटा ख, म्हणजे क + ख = १. मीलन यादृच्छिक असेल, म्हणजे नर-मादीची जोडी या जनुकाकडे न पाहता व नात्याकडे न पाहता जमत असेल, तर प्रत्येक बछडा म्हणजे पिशवीत डोळे मिटून दोनदा हात घालणे. दोन्ही वेळा काळी प्रत येण्याची शक्यता ख², दोन्ही वेळा साधी येण्याची क² आणि एक साधी, एक काळी येण्याची २कख.

वरील संशोधनानुसार सिमिलीपालमधील सुमारे ३७ टक्के वाघ काळे होते. तेव्हा ख² = ०.३७, म्हणून ख = ०.६१ आणि क = ०.३९. वाहक २ × ०.६१ × ०.३९, म्हणजे सुमारे ०.४८. शंभर वाघ असते तर ३७ काळे, ४८ वाहक आणि १५ शुद्ध पिवळे. पिवळ्या दिसणाऱ्या ६३ वाघांपैकी ४८ वाहक, म्हणजे चारांतील तीन ! तक्ता करणाऱ्या मुलाने हे मला मोठ्या उत्साहाने सांगितले, आणि खरोखरच ते उत्साह वाटावा असेच आहे.

मी त्याला विचारले, ‘‘मीलन यादृच्छिक आहे, हे तुला कसे कळले?’’ तो म्हणाला, ‘‘सर, ते गृहीत धरायचे असते.’’

उत्तर प्रामाणिक होते. पण मग गृहीत सोडून दिले तर छायाचित्रे आपल्याला काय सांगतात, तेही पाहिले पाहिजे. दोन टोके घ्या. पहिल्या टोकाला समजा की पिवळ्या वाघांत एकही वाहक नाही. तर काळ्या प्रती फक्त काळ्या वाघांत, म्हणून ख = ०.३७. दुसऱ्या टोकाला समजा की प्रत्येक पिवळा वाघ वाहक आहे. तर त्या ६३ टक्क्यांच्या निम्म्या प्रती काळ्या, म्हणून ख = ०.३७ + ०.३१५, म्हणजे सुमारे ०.६९. छायाचित्रे एवढेच सांगतात : ख हा ०.३७ ते ०.६९ यांच्या दरम्यान कोठेतरी आहे आणि वाहक शून्य टक्क्यांपासून ६३ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकतात. त्यांतून ०.६१ हा एकच बिंदू निवडला, तो कॅमेऱ्याने नव्हे, आपल्या गृहीताने. आणि हे गृहीत खरे की खोटे, हे त्याच छायाचित्रांवरून तपासताही येत नाही. कारण वर्गमूळ काढायला काळ्यांची संख्या खर्ची पडली, पिवळ्यांची संख्या म्हणजे तिचीच वजाबाकी. पडताळ्यासाठी तिसरी संख्या हवी, आणि ती तर लपलेली !

आम्ही भौतिकीवाले आदर्श वायूचे समीकरण असेच वापरतो. पण आमच्या चंबूत अब्जावधी अब्ज रेणू असतात. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२ च्या व्याघ्रगणनेत सिमिलीपालमध्ये १६ वाघ नोंदले गेले आणि त्यांतील १० काळे होते. हाच नियम लावा. ख² = ०.६२५, ख = ०.७९, आणि १६ वाघांत वाहक येतात सव्वापाच, शुद्ध पिवळा येतो पाऊण ! पाऊण वाघ जंगलात हिंडत नाही. तो असेल तर पूर्ण असेल, नाही तर मुळीच नसेल. इतक्या थोड्या वाघांत एका मादीच्या एका वेतातले बछडे जगले की मेले, यावरसुद्धा टक्केवारी हलते. आधीचे ३७ टक्के आणि हे साडेबासष्ट टक्के यांतला किती फरक खरा व किती मोजणीचा, हे सांगताना म्हणूनच जपावे लागते.

शिवाय हे वाघ एकमेकांचे नातलग आहेत. बाहेरच्या जंगलांशी त्यांचा संबंध जवळजवळ तुटलेला आहे. नात्यात मीलन झाले की एकाच पूर्वजाकडून आलेल्या दोन सारख्या प्रती एकत्र येतात. त्यामुळे काळे व शुद्ध पिवळे वाढतात आणि वाहक घटतात, पिशवीतील प्रती तेवढ्याच असल्या तरी. अशा ठिकाणी वर्गमूळ काढले, तर ख खऱ्यापेक्षा मोठा दिसतो.

मोजणीतली एक चूक मात्र सहज टळते. कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर लावतात, कारण वाघाच्या उजव्या व डाव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात आणि त्यांवरूनच वाघ ओळखायचा असतो. एकच काळा नर एका रात्रीत चार कॅमेऱ्यांपुढून गेला, तर चित्रे चार, वाघ एक. चित्रे मोजून टक्केवारी काढली, तर फार हिंडणाऱ्या वाघाला जास्त मते मिळतात. प्रदर्शनातील मुलांनी हे ध्यानात ठेवले होते, ही गोष्ट मला आवडली.

लपलेली तिसरी संख्या शोधायला जंगलात पडलेली विष्ठा व केस उपयोगी पडतात. त्यांतील डीएनए तपासला की वाहक उघडा पडतो. त्याच संशोधकांनी सिमिलीपालच्या १२ वाघांचा डीएनए असा तपासला, तेव्हा २४ प्रतींपैकी १४ बदललेल्या, म्हणजे ख = ०.५८ निघाला. वर्गमूळाने आलेल्या ०.६१ च्या किती जवळ ! पण यावरून नियमाची खात्री पटली असे मी म्हणणार नाही. बारा वाघांत दोन-तीन प्रती इकडच्या तिकडे होणे अगदी सहज शक्य आहे. फार तर असे म्हणेन की या वेळी गृहीताने दगा दिला नाही. इतर ठिकाणच्या ३९५ वाघांत मात्र हा अ‍ॅलील एकदाही सापडला नाही.

हा शेवटचा आकडा महत्त्वाचा, आणि येथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो. सिमिलीपालच्या वाघांत नवे रक्त यावे म्हणून २०२४ च्या अखेरीस ताडोब्याहून जमुना व झीनत या दोन वाघिणी तेथे नेल्या. त्यांतील झीनत झारखंडमार्गे पार बंगालपर्यंत गेली आणि तिला पकडून परत आणावे लागले. असो. ताडोब्याच्या वाघिणीत हा अ‍ॅलील नाही असे धरू. तिची जोडी एखाद्या काळ्या नराशी जमली आणि चार बछडे झाले, तर चारही पिवळे दिसतील. उद्या कोणी उत्साही माणूस या चौघांच्या छायाचित्रांवरून वर्गमूळ काढील : काळे शून्य, म्हणून ख शून्य, म्हणून वाहक शून्य. खरे पाहता चारही बछडे वाहक आहेत ! आठ प्रतींपैकी चार बदललेल्या, ख = ०.५. नियम चुकला नाही. यादृच्छिक मीलनाच्या अटीवर चालणारा नियम आपण मुद्दाम जमवलेल्या जोडीला लावला, ही चूक आपली.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, वाघिणी नेण्याचा हा प्रयोग साधला की फसला, हे काळ्या वाघांची छायाचित्रे मोजून ठरवू नये. काळे कमी दिसले तरी अ‍ॅलील गेलेला नसेल. पुढे हेच वाहक बछडे मोठे होऊन काळ्या जोडीदाराबरोबर वीण करतील, तेव्हा निम्मे बछडे पुन्हा काळे निघणे अपेक्षितच आहे. त्या वेळी ‘प्रयोग फसला’ अशी ओरड होऊ नये. वाघिणी नेल्या त्या सर्वच जनुकांतील विविधता वाढावी म्हणून. ती वाढली की नाही, हे विष्ठेतील डीएनए सांगेल. त्याला खर्च येतो, वेळ लागतो, प्रयोगशाळा लागते, हे मला मान्य आहे. पण वाहकांची संख्या त्याशिवाय मिळत नाही.

त्या दोन मुलांना मी क्रमांक दिला. मात्र जाण्यापूर्वी लाल शाईच्या वाक्यात ‘मीलन यादृच्छिक असल्यास’ आणि ‘अपेक्षित’ हे शब्द घालून घेतले. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या शिक्षिका म्हणाल्या, ‘‘सर, तक्त्यावर जागाच उरली नाही हो.’’ मग मुलांनी वाघाचे एक चित्र काढून टाकले आणि तेथे ते शब्द लिहिले.